आकृती हरवली तर: स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय वापरावं की केंद्र जोडावं?

वहीत प्रश्नाचे शब्द आहेत, पण कोनांच्या खुणा असलेली आकृती हाती नाही. स्पर्शिका आणि जीवांच्या गणितात अशा वेळी दोन वाटा उरतात. एक म्हणजे स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय थेट लावणं: स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. दुसरी म्हणजे केंद्र O घेऊन त्रिज्या जोडणं आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते एवढ्यावर पुढे जाणं. आकृती समोर असताना पहिली वाट जवळपास नेहमीच झटपट सुटते. आकृती नसताना निवड एवढी सरळ नाही.

हा प्रश्न घ्या. बाह्यबिंदू P मधून काढलेल्या स्पर्शिका वर्तुळाला A आणि B मध्ये स्पर्श करतात. ∠APB = 50°. C हा वर्तुळावरचा आणखी एक बिंदू आहे, तर ∠ACB किती?

पहिल्या वाटेने PA = PB, म्हणून ∠PAB = 65°. हा कोन P कडचा लघुकंस AB अंतर्खंडित करतो. ∠ACB ही तोच कंस अंतर्खंडित करतो असं धरून बरेच जण लगेच 65° लिहून मोकळे होतात. पण ते धरायला आधार काय? C विशालकंसावर असेल तरच ते खरं. C लघुकंसावर असेल तर ∠ACB विशालकंस अंतर्खंडित करतो आणि उत्तर 115° येतं. शब्दांत C ची जागा सांगितलेली नाही, ती आकृतीत होती.

दुसऱ्या वाटेने चौकोन OAPB मध्ये A आणि B जवळचे कोन 90° चे, म्हणून ∠AOB = 130°. म्हणजे लघुकंस 130° आणि विशालकंस 360° − 130° = 230°. आता निम्मं करायचं ते यांपैकी कशाचं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एक पायरी जास्त पडते, पण C कुठे आहे हा प्रश्न नजरेआड होत नाही. म्हणून C ची जागा माहीत नसेल तेव्हा मी केंद्राचीच वाट धरायला सांगेन. 65° आणि 115° ही दोन्ही उत्तरं आपापल्या अटीसह लिहायची.

हाच प्रश्न उलटा असेल तर मात्र आकृतीची गरजच पडत नाही. ∠ACB दिलाय आणि ∠APB काढायचाय असं समजा. विशालकंसावरच्या बिंदूपाशी होणारा कोन नेहमी लघुकोन असतो, लघुकंसावरचा नेहमी विशालकोन. त्यामुळे ∠ACB = 65° असेल तर C विशालकंसावरच, 115° असेल तर लघुकंसावरच, आणि दोन्ही वेळा ∠APB = 50°. ∠ACB = 90° दिला असेल तर AB हा व्यास ठरतो, स्पर्शिका समांतर होतात आणि P मिळतच नाही. तसं आढळलं तर प्रश्न उतरवतानाच काहीतरी चुकलंय.

स्पर्शिका एकच असेल आणि तिच्या स्पर्शबिंदूतून दोन जीवा निघत असतील, तर पारडं पहिल्या वाटेकडे झुकतं. PAQ ही A मधली स्पर्शिका, P आणि Q हे A च्या दोन बाजूंना, AB आणि AC या जीवा, ∠PAB = 60°, ∠QAC = 70°. स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाने ∠ACB = 60°, ∠ABC = 70°, आणि ∠BAC = 50° उरतो. केंद्राच्या वाटेने यासाठी OA, OB, OC जोडून दोन समद्विभुज त्रिकोण सोडवावे लागतात, हाती मात्र नवीन काही लागत नाही.

इथे धोका अक्षरांचा आहे. उतरवताना ∠PAB च्या जागी ∠QAB = 60° लिहिलं गेलं, तर दोन्ही जीवांचे कोन Q च्याच बाजूने मोजले जातात आणि ∠BAC = 10° होतो. सवयीने ∠ACB = 60° आणि ∠ABC = 70° लिहिलं तर बेरीज 140° येते. त्रिकोणात ते शक्य नाही. चूक ∠ABC मध्ये आहे: ∠QAC ज्या 140° च्या कंसाला अंतर्खंडित करतो, B त्याच कंसावर आहे. म्हणून ∠ABC उरलेला 220° चा कंस अंतर्खंडित करतो आणि 110° भरतो. आता 10° + 110° + 60° = 180° जुळतं.

पण या बेरजेवर सगळाच भार टाकू नका. पहिल्या प्रश्नात ती काहीच सांगत नाही, कारण C चुकीच्या कंसावर धरला तरी त्रिकोण ABC चे कोन 180° भरतातच. तिथे पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर उपयोगी पडतं. ते 115° असेल तर हरवलेल्या आकृतीत C लघुकंसावर, म्हणजे त्रिकोण PAB च्या आत होता.