वहीतलं गिऱ्हाईक की मनातलं?

शहापुरातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत एक घर दरमहा 4,000 रुपयांचं दिसतं. ही वर्तनातली निष्ठा. पण वहीत फक्त आपल्याकडची खरेदी असते, म्हणून विचारावं, "वहिनी, महिन्याचा सगळा किराणा कितीचा? आणखी कुठून घेता?" समजा उत्तर आलं 10,000, सुपरमार्केट आणि आठवडी बाजारातूनही. म्हणजे आपला वाटा 40 टक्के.

मनातली निष्ठा कळायला तिन्ही ठिकाणांना पसंतीचा क्रम लावायला सांगावं. या क्रमावरून खर्चातला अपेक्षित वाटा काढणाऱ्या वॉलेट अ‍ॅलोकेशन रूलचं सूत्र असं:

(1 − क्रम ÷ (दुकानं + 1)) × (2 ÷ दुकानं)

आपण पहिले असू तर अपेक्षित वाटा 50 टक्के, तिसरे असू तर जेमतेम 17.

पहिले असून 40 मिळत असतील तर बहुधा काही माल आपल्याकडे मिळत नाही. कुठला, ते विचारून तो दुकानात ठेवता येतो. तिसरे असून 40 मिळत असतील तर मला जास्त काळजी वाटते. ते घर कदाचित उधारीमुळे टिकलंय, हातात रोख आली की जाईल. वहीत मात्र ही दोन्ही घरं सारखीच दिसतात. अर्थात सूत्र सरासरीचं आहे, एकाच घरावरून ठाम बोलू नये.