पक्षीनिरीक्षण आणि सफारीसाठी पँट: नायलॉन की कॉटन-मिक्स?

जंगलात घालायच्या कपड्यांबद्दल विचारलं की दोन गट पडतात, एक म्हणतो पटकन वाळणारं नायलॉन घ्या, दुसरा म्हणतो जाडसर कॉटन किंवा कॉटन-पॉलिस्टर मिक्स. मी दोन्ही घालून फिरलोय. नायलॉनला उगाच नावं ठेवणार नाही, ते हलकं असतं, भिजलं तरी लगेच सुकतं, आणि वीण घट्ट असेल तर डासाला त्यातून चावणं जरा अवघडच जातं. फक्त जीपमधूनच सफारी करणार असाल तर नायलॉन बिनधास्त घ्या, इंजिनच्या घरघरीत तुमच्या पँटचा आवाज कोण ऐकतंय.

पायी फिरायचं म्हटलं की मात्र माझं गाडं एकाच गोष्टीवर अडतं, ती म्हणजे त्या कापडाचा आवाज. चालताना मांडीला मांडी घासली की सूंss-सूंss, दुर्बीण उचलली की बाहीचं खस्स, आणि वेल्क्रोचा खिसा उघडला तर चर्रर्र. यामुळे पक्षी उडतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, माझ्या बघण्यात तरी ते आवाजापेक्षा हालचालीलाच जास्त दचकतात. त्रास होतो तो आपल्याच कानांना. दाट झुडपातला वटवट्या आधी ऐकू येतो मग दिसतो, आणि त्याचं ते बारीक ‘चक्’ नेमकं पँटच्या सूं-सूं मध्ये बुडतं, मग दर चार पावलांनी थांबून ऐकायचं, परत चालायचं, परत थांबायचं. फोनवर आवाज रेकॉर्ड करत हळूहळू चाललो होतो, नंतर ऐकलं तर पक्षी मागे कुठेतरी आणि पँट एकदम समोर! तेव्हापासून नायलॉन फक्त पावसाळी दिवसांपुरतं ठेवलंय.

कॉटन-मिक्स, त्यातही ज्याच्या पृष्ठभागावर हलकी लव असते ते, घासलं तरी दबका आवाज करतं. भिजलं की जड होतं आणि सुकायला वेळ लागतो हे खरंय, म्हणून शंभर टक्के कॉटनपेक्षा मिक्स बरं. दुकानात लेबल वाचत बसू नका, शांत कोपऱ्यात कापड कानाजवळ धरून नखाने खरवडून बघा, मग घालून चार पावलं चाला आणि दुर्बीण डोळ्याला लावल्यासारखे हात वर करा. चुरचुर ऐकू आली तर जंगलात ती दुप्पट वाटणार. खिशाला बटणच बघा.

रंगाचं म्हणाल तर खाकी, मातकट, फिकट ऑलिव्ह यांतलं काहीही चालतं. निळा टाळा, हरणासारख्या प्राण्यांना लाल-केशरी नीट वेगळा कळत नाही पण निळा चांगला दिसतो, आणि आफ्रिकेत जिथे त्सेत्से माशी आहे तिथे तर निळा-काळा अजिबात नको, तिला पकडायचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे करतात. गडद ऑलिव्हपेक्षा माझा कल फिकट खाकीकडे आहे, कारण गडद रंगाकडे डास जास्त येतात आणि गडद कापडावर चढणारी गोचीड दिसतच नाही, खाकीवर ठिपका सरकताना लगेच कळतो. मिलिटरीसारखं छापील कॅमोफ्लाज घेऊ नका, आफ्रिकेतल्या काही देशांत सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे. आणखी एक, कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून साबण पावडरीत जे ब्राइटनर घालतात ते अतिनील प्रकाशात चमकतात, आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनील दिसतं, तेव्हा हे कपडे ब्राइटनर नसलेल्या साबणानेच धुतलेले बरे. किती फरक पडतो ते मी मोजलेलं नाही, पण फुकटात होतंय तर का नको.

किड्यांच्या बाबतीत कॉटन-मिक्स थोडं मागे पडतं, पातळ आणि अंगाला चिकटलेलं असेल तर डास त्यातूनही चावतो. म्हणून सैल साइज घ्यायची, आणि कपड्यांसाठी मिळणारा 0.5 टक्के परमेथ्रिनचा स्प्रे आदल्या दिवशी बाहेर मारून पूर्ण वाळू द्यायचा. तो कापडावरच, त्वचेवर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं कापड तिच्यापासून लांबच ठेवा, मांजरांना ते विषारी असतं. अंगाला लावायचं डीट असेल तर लावून झाल्यावर हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका, प्लास्टिक खराब होतं.

बुटांत फार डोकं लावत नाही. गमबूट चिखलात छान, पण चालताना पोटरीवर फट्-फट् आपटतात, आणि जाड कडक सोलच्या हायकिंग बुटात पायाखाली वाळकी काटकी आलीय हे ती मोडल्यावरच कळतं. मऊ, वाकणाऱ्या रबरी सोलचे घोट्यापर्यंतचे बूट मला बरे वाटतात, काटकी जाणवली की वजन टाकायच्या आत पाय उचलता येतो. जळवांच्या भागात आत गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घाला आणि पँट त्यात खोचा, ध्यान दिसतं खरं, पण तिथे सगळ्यांचंच तसं असतं.