गच्चीचा पांढरा रंग आणि पोकळ ब्लॉकची भिंत: नागपुरातले दोन उन्हाळे

गेल्या वर्षी फेब्रुवारीत गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला आणि वरच्या नव्या खोलीची पश्चिमेकडची भिंत पोकळ काँक्रीट ब्लॉकची बांधली. आता दुसरा मे चालू आहे. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो होतो.

आधी गच्चीच का, ते सांगतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या भिंतींवर तेव्हा ऊन जवळपास पडतच नाही, सगळं स्लॅबवर येतं. पाच इंची स्लॅब ते दिवसभर पितो आणि संध्याकाळनंतर खाली सोडतो. दुपारी कूलरसमोर चालून जातं, पण रात्री अकरालाही पंखा गरम हवाच फेकत असतो, त्याचं कारण हे.

आमची गच्ची ८०० चौरस फूट. दोन हातांना वीस लिटरच्या दोन बादल्या लागल्या. रंगारी एकाच बादलीत पाणी घालून भागवू म्हणत होता, मी ऐकलं नाही. पातळ हातातून खालचा करडा स्लॅब दिसत राहतो, आणि दिसतो तितका तो तापतोही. काम सकाळी सहा ते नऊमध्येच करून घेतलं, कारण तापलेल्या स्लॅबवर रंग धरायच्या आतच वाळतो आणि पुढे सुटतो. दुसरा हात पहिल्याला आडवा, पहिला पूर्ण वाळल्यावर.

पाण्याच्या टाकीमागे रंगाऱ्याचा रोलर पोचला नव्हता. तिथे हातभर करडी पट्टी राहिली. आधी वाईट वाटलं, मग तीच मोजपट्टी झाली. मे महिन्यात दुपारी अडीचला, टाकीची सावली तिथे नसताना, इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. करड्या पट्टीवर ६३ अंश, शेजारच्या पांढऱ्यावर ४५. खाली आईच्या खोलीत संध्याकाळी सातला छताचा तळ ३७ दाखवत होता. आदल्या वर्षी त्याच दिवसांत तो ४२ असायचा. खोलीची हवा तितकी उतरली नाही, दोन-अडीच अंशच. पण कॉटवर पडल्यावर वरून जी धग अंगावर यायची, ती गेली. आई म्हणाली, "आता डोकं तापत नाही रे." कूलर तरीही लागतोच.

आता बिघाड. जुलैत टाकीच्या ओव्हरफ्लोपाशी रंगाचे पापुद्रे निघाले. तिथलं शेवाळ वायर ब्रशने न घासता वरूनच रोलर फिरवला होता. पापुद्रा उलटला की पाठीला हिरवट काळी पूड चिकटलेली दिसायची. तेवढा भाग खरवडून, घासून, दोन दिवस वाळवून पुन्हा रंगवला, तो आजवर टिकून आहे. पाणी साचतं तिथे आधी उतार नीट करा, हा रंग तळं सहन करत नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. या मार्चमध्ये गच्ची मातकट झाली होती. त्याच वेळेला, तसंच ऊन असताना, पांढऱ्या भागावर ५२ अंश आले. नारळाच्या झाडूने साध्या पाण्यात घासून धुतली, दुसऱ्या दिवशी ४६. म्हणजे रंग संपला नव्हता, झाकला गेला होता. बोटाला पांढरी पूड भरपूर लागायला लागली, किंवा धुऊनही करडं दिसायला लागलं, तर मात्र नवा हात द्यावा लागेल.

भिंतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आठ इंची पोकळ ब्लॉकमधली कोंडलेली हवा उष्णता अडवते हे खरं, पण ब्लॉकच्या मधल्या काँक्रीटच्या पडद्यांतून ती आत येतेच. शिवाय गवंड्याने विटेच्या सवयीने ब्लॉकवर सगळीकडे माल पसरला. माल फक्त दोन बाहेरच्या कडांवर लावायचा असतो. मधला माल पोकळीत पडतो आणि ती बुजवतो. संध्याकाळी सातला आतून भिंतीवर तळहात फिरवला की कळतं: एक हात गार, मग अचानक कढत चट्टा. तिथे ठोकलं तर आवाज भरीव येतो. खिडकीच्या कडेला पोकळी मुद्दाम भरावी लागते, पण हे चट्टे भिंतीच्या मध्यावर आहेत.

पुन्हा बांधायची वेळ आली तर पश्चिमेला विटांची रॅट-ट्रॅप भिंत घेईन. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आपल्याकडे रुजवलेली ही पद्धत: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, मध्ये साधारण तीन इंच पोकळी, आणि विटाही सुमारे पाव कमी. पण मालाची शिस्त तिथेही तीच, म्हणून पहिले दोन थर स्वतः उभं राहून बघेन. सध्या त्या भिंतीला बाहेरून पांढरा रंग दिलाय आणि तीन ते सहाच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधलीय. त्या जाळीने चट्टे बरेच निवले.

जानेवारीत सकाळी आईची खोली पूर्वीपेक्षा गार लागते, आईला जास्तीची गोधडी द्यावी लागली. आणि शेजारच्या काकूंनी दुपारी स्वयंपाकघरात चमक येते म्हणून सांगितलं, तर त्या बाजूच्या कठड्यापाशी मी जाळीचाच एक पट्टा लावून दिला.