स्ट्रॅट की लेस पॉल? दोन्ही काही महिने वाजवल्यावर

गेले काही महिने माझ्याकडे दोन इलेक्ट्रिक गिटार आहेत, एक फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या धाटणीची आणि दुसरी गिब्सनच्या लेस पॉलच्या. त्याआधी मी तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप लावलेली पोकळ गिटार वाजवायचो. ड्रमरसोबत बसलो की अँप वाढवावा लागे आणि लगेच 'कूंऽऽ' सुरू होई. पोकळ गिटारची वरची पातळ फळी अँपच्या आवाजाने थरथरते, ती तारांना हलवते, तारांचं कंपन पिकअप पुन्हा अँपकडे पाठवतो आणि हे चक्र वाढतच जातं, यालाच फीडबॅक म्हणतात. भरीव लाकडाची गिटार जन्माला आली ती मुख्यतः हे चक्र तोडायला.

गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास पाइनच्या ठोकळ्यावर तारा चढवून असं वाद्य बनवलं होतं, पण गिब्सन या गिटार कंपनीने तेव्हा त्याला परत पाठवलं. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने 1950 साली भरीव गिटार बाजारात आणली. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने गळा चार स्क्रूंनी बसवला, म्हणजे बिघडला तर बदलता येतो. ती खपायला लागल्यावर गिब्सनने 1952 मध्ये लेस पॉलच्याच नावाची गिटार काढली, महोगनीवर मेपलचा थर आणि गळा गोंदाने चिकटवलेला. फेंडरची स्ट्रॅट 1954 ची.

माझ्या स्ट्रॅटचा स्वर लख्ख आहे, एकेक तार सुटी ऐकू येते. पण अँपचा गेन वाढवला की विजेची गुणगुण येते. तारांना हात लावला की ती कमी होते आणि अँपसमोर अंग थोडं वळवलं की बदलते. हा बिघाड नव्हे, एकेरी कॉइलच्या पिकअपचा स्वभावच आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने यावर दोन कॉइल उलट्या गुंडाळून, चुंबकंही उलटी ठेवून उपाय काढला. गुणगुण एकमेकींत विरते, तारांचा स्वर मात्र दोन्हींतून मिळून येतो. हा दोन कॉइलचा पिकअप, हंबकर, 1957 पासून लेस पॉलवर आला. माझ्या लेस पॉलवर जाड, लांब टिकणारा स्वर मिळतो तो बराचसा यामुळेच. शिवाय तिची तारेची लांबी स्ट्रॅटपेक्षा सुमारे 2 सेंटिमीटर कमी, म्हणून तार ओढून सूर चढवताना, म्हणजे बेंड करताना, बोटं कमी दुखतात.

एवढं असूनही लेस पॉलचा खप घसरला आणि 1960 नंतर गिब्सनने तो आकारच बदलला. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबरच्या रेकॉर्डवर जुनी लेस पॉल मार्शल अँपला लावून जोरात वाजवली, आणि जुन्या गिटारींना अचानक मागणी आली. गिब्सनने 1968 साली जुना आकार परत सुरू केला. तोवर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅटचा सूर हलवणारा व्हायब्रेटो दांडा आणि हाच फीडबॅक, जो टाळायला सगळी धडपड झाली होती, हवा तेव्हा हव्या त्या सुरात वापरून दाखवला होता. भरीव लाकडामुळेच तो ताब्यात राहतो.

माझ्या मते एकच घ्यायची तर स्ट्रॅट घ्या, विशेषतः रोज पाठीवर बॅग घेऊन लोकलने जाणाऱ्यांनी. लेस पॉलचं डोकं मागे कललेलं असतं आणि गळा नेमका तिथेच नाजूक, त्यामुळे गिटार स्टँडवरून पडली तर तिथेच मोडते. ती घेतलीत तर हार्ड केस सोबतच घ्या.