एकाच काटा पावतीचे दोनदा पैसे गेले माझे, गाडीवाल्यांकडून फोटो घेणाऱ्यांनी वाचा

माझं खडी वाहतुकीचं काम आहे, क्रशरवरून साइटवर. स्वतःच्या दोन गाड्या, बाकी भाड्याच्या. ड्रायव्हर काटा पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, ऑफिसातला पोरगा एक्सेलमध्ये गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि नेट भरतो आणि आठवड्याला टनावर हिशोब होतो. नेट बरोबर जुळतंय एवढंच मी बघायचो आणि तिथंच गंडलो.

एका मालकाच्या दोन टिपर होत्या, शेवटचे आकडे 3846 आणि 3346. पावती डॉट मॅट्रिक्सची, रिबन फिकी, त्यात घडी नेमकी नंबरावर पडलेली. सकाळी 3846 ची पावती यायची, 28,340 भरलेलं, 11,260 रिकामं, नेट 17,080. संध्याकाळी तीच पावती वेगळ्या अँगलने, वरची तारीख-वेळ कापून, आणि पोरगा 8 चा 3 वाचून 3346 च्या नावावर टाकायचा. वजाबाकी तर बरोबरच येणार ना, पावती खरीच होती!

महिनाअखेरीला साइटच्या रजिस्टरमध्ये माझ्यापेक्षा 9 ट्रिपा कमी निघाल्या. आधी मला वाटलं साइटवाल्यांनीच खाल्ल्या, भांडलो पण त्यांच्याशी (नंतर माफी मागावी लागली). मग शीट गाडीप्रमाणे लावली तेव्हा दिसलं की 3346 चं रिकामं वजन कायम 11,640 च्या आसपास, फक्त 9 एन्ट्र्यांमध्ये ते 11,260. डिझेल कमी-जास्त, ताडपत्री, चिखल याने शे-दोनशे किलो फरक पडतो, पण दरवेळी बरोबर 380 किलोने गाडी हलकी कशी होईल? साधारण 153 टन, 280 रुपयाने जवळपास 43 हजार गेले.

आता पावतीचा अनुक्रमांक आणि दोन्ही वजनांची वेळ हे कॉलम वाढवलेत, चारही कोपरे दिसत नसतील तर फोटो परत पाठवतो, आणि पावती नंबरप्लेटजवळ धरूनच फोटो काढायला लावलाय. आमचा काटा 10 किलोच्या टप्प्यात दाखवतो, म्हणजे शेवटचा आकडा 0 च असणार, 17,083 वगैरे लिहिलेलं दिसलं की वाचण्यातच चूक. शिवाय भरलेलं वजन C आणि रिकामं D मध्ये असेल तर हे एका कॉलमात टाका:

```
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)
```

1 पेक्षा जास्त आलं की दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. काही काट्यांवर गाडीचं रिकामं वजन सेव्ह केलेलं असतं, तिथे ते रोज सारखंच येतं, त्यामुळे नुसत्या रिकाम्यावर कुणाला चोर ठरवू नका, पण भरलेलंही किलोला किलो तेच आलं तर अनुक्रमांक बघाच.

मालकाला फोन केला तर म्हणतो, "शेठ, पोरानं चुकून दोनदा टाकला असेल." नऊ वेळा चुकून! 20 हजार पुढच्या पेमेंटातून कापले, बाकीचे अजून "बघू" वरच आहेत.