हॉलच्या मागच्या बॉक्सना अडीचची केबल: एक पावसाळा आणि लग्नाचा हंगाम वापरल्यानंतर

रत्नागिरीकडचं पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय. अँप्लिफायर स्टेजच्या बाजूच्या खोलीत आणि मागच्या भिंतीवर आठ ओहमचे दोन बॉक्स. आधी तिथे एक स्क्वेअर एमएमची चपटी पारदर्शक वायर होती. ती काढून अडीच स्क्वेअर एमएमची, दोन कोअरची, गोल तांब्याची केबल टाकली. एवढ्या लांबीला अडीच पुरते, हे आता ठामपणे सांगता येतं. चार घ्यावी लागते ती एकाच परिस्थितीत.

आधी लांबी. हॉल २३ मीटर आहे म्हणून २५ मीटर केबल मागवली की हमखास कमी पडते. रॅकपासून छतापर्यंत ३, स्टेज ओलांडायला ५, हॉलच्या लांबीचे २३, भिंतीवरून खाली २ आणि दोन टोकांना मिळून २ मीटर शिल्लक; झाले ३५. रॅकच्या बाजूच्या बॉक्सला स्टेज ओलांडावं लागत नाही, तिथे ३० पुरले. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून जादा ५ मीटरचं वेटोळं करून ठेवायची इथे पद्धत आहे, पण त्याने काहीच साधत नाही. दोन्हींतला फरक एक दशांश डेसिबलही भरत नाही.

करंट जातो आणि परतही येतो, म्हणून रोध ७० मीटर तांब्याचा धरायचा. अडीचच्या लवचीक केबलला तो साधारण ०.५६ ओहम येतो, तर एकच्या वायरला १.३७. आठ ओहमच्या बॉक्सवर अडीचमध्ये ०.६ डेसिबल जातात, एकमध्ये १.४. आकडे बघून कोणीही म्हणेल, मग आवाजाचं बटण थोडं वाढवा की!

पण बॉक्स सगळ्या सुरांना आठ ओहमचा नसतो. आवाजाच्या खालच्या-मधल्या पट्टीत तो सहापर्यंत उतरतो आणि बेसच्या एखाद्या ठिकाणी तिसापर्यंत चढतो. बारीक वायर जिथे ओहम कमी तिथे जास्त खाते. एकच्या वायरीत सहा ओहमला १.८ डेसिबल जातात आणि तीस ओहमला जेमतेम ०.४, म्हणजे बेसचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा वर राहतो आणि निवेदकाच्या आवाजाचं अंग कमी होतं. पत्र्याखाली बेस आधीच घुमतो, त्यात ही भर. अडीचमध्ये हाच फरक ०.६ डेसिबलवर आला. मंगलाष्टकांतले शब्द मागच्या रांगेत आता सुटे ऐकू येतात. मेच्या दुपारी पत्र्याखाली केबल तापून रोध दहाबारा टक्के वाढतो, पण त्याने कानाला फरक पडत नाही.

चारची वेळ येते ती दोन्ही बॉक्स एकाच केबलवर जोडले तर. मग भार चार ओहमचा होतो आणि अडीचमध्ये १.१ डेसिबल जातात, चारमध्ये ०.७. पण १०० मीटरच्या रोलमधून दोन वेगळ्या केबली निघून वर ३५ मीटर उरतात, तेव्हा ती कंजुषी कशाला! याहून खूप लांब, नुसत्या घोषणेसाठी स्पीकर लावायचे असतील तर जाड तांब्यामागे न लागता १०० व्होल्ट लाइनची यंत्रणा घ्यावी. त्यात ४० वॅटचा भार २५० ओहमचा दिसतो, म्हणून दीडची वायरही भरपूर होते.

विकत घेताना एक गोष्ट तपासाच. स्वस्त रोलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं आणि त्याचा रोध तांब्याच्या दीडपट किंवा थोडा जास्त भरतो. एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. ओढून झाल्यावर दूरचं टोक शॉर्ट करून, अँप्लिफायरपासून सोडवलेल्या टोकावर मल्टिमीटर लावा आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करा. ३५ मीटरला ०.५ ते ०.६ आलं तर माल खरा, ०.९ आलं तर रोल परत करा.

पावसाळ्यात केबलला काही झालं नाही, त्रास दिला टोकांनी. बॉक्सच्या स्क्रूखाली उघड्या तारा दाबल्या होत्या, त्या खाऱ्या हवेत काळ्या-हिरव्या पडल्या आणि मोठ्या आवाजाला एक बॉक्स खरखरू लागला. टोकाला शिसं चढवून स्क्रू आवळणं हा उपाय नव्हे, कारण शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. काळी तार कापून टाकली, ताज्या टोकावर कथील चढवलेली फेरूल क्रिंप केली आणि स्पीकॉन लावला. जोडाच्या अलीकडे केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पागोळीचं पाणी तिथूनच गळून जातं. कापायला तार मिळाली ती त्या शिल्लक मीटरभरातूनच.