१ मिलिसेकंदाच्या डोक्यावरची चांदणी

मॉनिटरच्या जाहिरातीत तीन आकडे ठळक छापले होते. रिस्पॉन्स टाइम १ मिलिसेकंद, कॉन्ट्रास्ट १ कोटीला एक, आणि ‘एचडीआर, ४०० निट’. निट हे उजेडाचं एकक, आणि एचडीआर म्हणजे खोल काळोख आणि लख्ख उजेड एकाच चित्रात दाखवायची सोय. परत करायला गेलो तेव्हा विक्रेत्याने पानाच्या तळाशी असलेल्या बारीक ओळी दाखवल्या आणि सांगितलं की यातलं काहीच खोटं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच तर मॉनिटर अजून माझ्याच टेबलावर आहे. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर असा नग येऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिल्याच रात्री एका गेममध्ये गुहेत शिरलो. मागे राखाडी भिंत, पुढे काळ्या कपड्यातलं पात्र. पात्र सरकलं की त्याच्यामागे काळा ओघळ यायचा, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसा. आधी वाटलं ग्राफिक्स कार्डचा दोष असेल, म्हणून ड्रायव्हर बदलला, केबल बदलली. मग ब्राउझर डार्क मोडवर टाकून एक लांब पान खाली-वर सरकवलं. गडद पट्ट्यांमागे तेच ओघळ. पांढऱ्या पानावर मात्र सगळं स्वच्छ. पॅनेल व्हीए जातीचं होतं आणि ही त्या जातीची जुनी खोड आहे, हे मला नंतर कळलं.

व्हीए पॅनेलमध्ये पिक्सेल काळा असतो तेव्हा द्रवस्फटिकाचे रेणू काचेला काटकोनात उभे असतात, आणि व्होल्टेज दिलं की आडवे होऊ लागतात. पांढरं करायचं असेल तर जोरदार व्होल्टेज मिळतं आणि रेणू चटकन झुकतात. काळ्यावरून गडद राखाडीवर जायचं असेल तर व्होल्टेज जेमतेम असतं, धक्का हलका बसतो आणि रेणू रेंगाळतात. एकाच पॅनेलवर एक रंगबदल ४-५ मिलिसेकंदात होतो आणि दुसऱ्याला ३० च्या वर लागतात, ते यामुळेच. मग ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणून एकच आकडा छापायचा तर तो कुठला? जो सर्वांत देखणा असेल तो.

माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतो, म्हणजे दोन चित्रांत साधारण ४.२ मिलिसेकंदांचं अंतर. खोलीत अंधार केला, फोन स्टँडवर लावला, एक्सपोजर लॉक केलं आणि काळा चौकोन एकदम गडद राखाडी होतो असं साधं पान चालवलं. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. राखाडी रंग पुरता स्थिरावायला ८ चित्रं लागली, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, दर ६.९ मिलिसेकंदांनी नवं चित्र आणणारा. आधीचा बदल पुरा व्हायच्या आत आणखी चार चित्रं येऊन आदळत होती. गुहेतल्या ओघळाचं कोडं तिथेच सुटलं. अशा मोजणीत चूकभूल एक-दोन चित्रांची होईल. पण १ आणि ३३ मधलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

मग १ कुठून आला? ठळक आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. तिच्या तळटीपेत “1ms MPRT” असं छापलं होतं. जाहिरात वाचताना मी त्या चांदणीला सजावट समजलो होतो.

पिक्सेलच्या रंगबदलाची वेळ जीटीजी या नावाने देतात, ग्रे टू ग्रे. तीही निखळ नसतेच. मोजायची प्रचलित रीत बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतची, म्हणजे सुरुवातीचं रेंगाळणं आणि शेवटची लांबलेली शेपटी हिशेबातून बाद. निदान ती पिक्सेलबद्दल बोलते तरी. एमपीआरटी वेगळंच मोजतं. सरकत्या वस्तूमागे आपला डोळाही सरकत असतो आणि पडद्यावर चित्र मात्र पुढचं येईपर्यंत एका जागी थांबलेलं असतं, त्यामुळे डोळ्याला ते फासल्यासारखं दिसतं. एमपीआरटी या फासण्याचा काळ सांगतं. तो कमी करायची सोपी युक्ती म्हणजे बॅकलाइट दर चित्राला क्षणभरच पेटवायचा आणि बाकी वेळ विझवून ठेवायचा. तो १ मिलिसेकंद दिव्याचा होता, पिक्सेलचा नव्हे.

ही सोय मेनूत होती, फक्त बंद होती. चालू केली तर तीन गोष्टी एकदम झाल्या. पडदा मंदावला, ब्राइटनेसची पट्टी करडी पडून गोठली, आणि ग्राफिक्स कार्डाशी वेग जुळवून घेणारा अ‍ॅडाप्टिव्ह सिंक बंद पडला. मित्राकडून रंग मोजायचा कलरीमीटर आणला होता. एरवी पूर्ण पांढऱ्या पडद्यावर २६८ निट मिळत होते, ही सोय चालू केल्यावर ९५. ६.९ मधला जेमतेम १ मिलिसेकंद दिवा जळत असेल तर दुसरं काय होणार. म्हणजे जाहिरातीतला १ मिलिसेकंद आणि जाहिरातीतला उजेड हे एकाच वेळी कधीच मिळणार नव्हते. आणि गुहेतला ओघळ? तो होताच. रेंगाळणाऱ्या पिक्सेलवर दिवा लुकलुकवला तर पुसट शेपटीऐवजी पात्राची जुळी सावली दिसते, एवढाच फरक.

ओव्हरड्राइव्हही करून पाहिला. रेणूंना जास्तीचं व्होल्टेज देऊन हाकायचा हा प्रकार मेनूत ‘फास्ट’, ‘फास्टेस्ट’ अशा नावांनी असतो. शेवटच्या पायरीवर काळे ओघळ थोडे आखडले, पण बाकीच्या रंगांत पिक्सेल ठिकाण ओलांडून पुढे जाऊ लागले आणि सरकत्या अक्षरांभोवती फिकट प्रभावळ आली. छापील जीटीजी आकडे पुष्कळदा याच शेवटच्या पायरीवर मोजलेले असतात, जिथे कुणी मॉनिटर वापरत नाही. मी मधली पायरी ठेवली आहे.

पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०२२ मध्ये क्लिअरएमआर नावाचं वेगळं प्रमाणपत्र आणलं, ते या एमपीआरटीच्या घोळामुळेच. त्यात मिलिसेकंद नसतात, स्पष्ट आणि फासलेल्या पिक्सेलचं गुणोत्तर असतं.

आता कॉन्ट्रास्ट, म्हणजे पडद्याचा पांढरा काळ्याच्या किती पट उजळ याचं गुणोत्तर. इथे मी स्वतःच्याच मूर्खपणाने फसलो, कारण थोडा भागाकार केला असता तरी भागलं असतं. ४०० निट पांढरा आणि गुणोत्तर १ कोटी, तर काळा ०.००००४ निट यायला हवा. बॅकलाइट पेटलेला असताना एलसीडी पडदा इतका काळा होऊच शकत नाही. तो होतो फक्त दिवा जवळजवळ विझवल्यावर, आणि हीच ‘डायनॅमिक’ कॉन्ट्रास्टची गोम आहे. पांढरा मोजायचा दिवा पूर्ण पेटवून, काळा मोजायचा दिवा घालवून, आणि दोन वेगळ्या क्षणांचा भागाकार एका चित्राच्या नावावर खपवायचा.

घरी पाहायचं तर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू करून पूर्ण काळं चित्र पडदाभर लावा आणि माउसवरचा हात काढून थांबा. माझ्याकडे दोन-तीन सेकंदांत पडदा गडप झाला, मनात आलं व्वा. मग माउस हलवला. पांढरा बाण दिसायचा तर दिवा पेटायला हवा, आणि दिवा पेटताच बाणाभोवतीचा सगळा काळोख करडा होऊन वर आला. पांढरा बाण आणि तो गडद काळोख एकत्र पाहायला मिळतच नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. डायनॅमिक बंद करून मोजलं तर पांढरा २६८, काळा ०.०९. गुणोत्तर जवळपास ३,०००. व्हीए पॅनेलसाठी हे चोख आहे, आयपीएस या दुसऱ्या जातीचं पॅनेल साधारण १,००० च्या आसपास असतं. हा प्रामाणिक आकडा माहितीपत्रकात ‘स्टॅटिक’ या शब्दाशेजारी छापलेलाही होता. जो गुण मॉनिटरमध्ये खरोखर होता तो बारीक अक्षरात, आणि जो नव्हता तो पोस्टरवर.

ब्राइटनेसचं थोडक्यात सांगतो. ४०० हा आकडा ‘पीक’ होता, म्हणजे एचडीआर चालू असताना पडद्याच्या छोट्या तुकड्यावर मिळणारा. तसा मोजला तर ३९६ आला, चूक काढायला जागा नाही. पण माझ्या मॉनिटरला मागून एकच सलग दिवा आहे. तुकडा उजळ करायचा तर सगळा दिवा वाढतो, आणि त्याबरोबर काळाही ०.०९ वरून ०.१३ वर चढतो. गुणोत्तर तेच राहतं, एचडीआरचा म्हणून जो खोल काळोखात चमकणारा दिवा दिसायला हवा तो दिसतच नाही. तसं दिसायचं तर बॅकलाइटचे पुष्कळ स्वतंत्र विभाग हवेत, किंवा ओलेडसारखा प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटणारा पडदा हवा. व्हेसाच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रातही तळाच्या ४०० च्या पायरीला असे विभाग सक्तीचे नाहीत. माझ्या खोक्यावर तर तेही नव्हतं, नुसतं “HDR10” होतं. त्याचा अर्थ एवढाच की एचडीआर सिग्नल आला तर मॉनिटर तो नाकारणार नाही.

सध्या एचडीआर बंद, डायनॅमिक बंद, एमपीआरटीची सोय बंद. हिशेबाचे तक्ते आणि मजकूर यांसाठी पडदा छान आहे, रात्री चित्रपटही छान दिसतात. गुहेत मात्र मी जात नाही.

गेल्या आठवड्यात मावसभावाने एका जाहिरातीचा दुवा पाठवला, ०.५ मिलिसेकंदवाला. “दादा, घेऊ का?” मी म्हटलं, आधी विक्रेत्याला विचार की हा आकडा जीटीजी आहे की एमपीआरटी, आणि ओव्हरड्राइव्ह कुठल्या पायरीवर ठेवून मोजलाय. त्याने विचारलं आणि आलेलं उत्तर मला पुढे पाठवलं: “सर, हा गेमिंग मॉनिटर आहे.”